पासवर्डखालच्या ओळी

कोकण किनाऱ्यावरच्या घरगुती निवासांत पाहुणे गाडीतून उतरतात, पाय धुतात, पाणी पितात आणि लगेच वायफायचा पासवर्ड विचारतात. दिवेआगर असो, हर्णै-मुरुड असो की मालवणजवळचं देवबाग, यजमानांना हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. उत्तर तोंडी दिलं की एक अक्षर चुकतं आणि पुन्हा सांगावं लागतं. थोड्या वेळाने दुसऱ्या खोलीतलं कोणीतरी तेच विचारायला स्वयंपाकघराच्या दाराशी येतं. म्हणून आता बहुतेक घरांत खोलीत एक कागद ठेवलेला असतो. त्यावर वर ‘सुस्वागतम्’ आणि खाली दोन ओळी, नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड.

ह्या दोन ओळींनी पाहुणा जोडला जातो, पण रात्री साडेआठला घरातले सगळे फोन एकदम रखडतात तेव्हा त्या उपयोगी पडत नाहीत. खरं काम पासवर्डच्या खालच्या ओळींचं असतं. इथलं नेट किती आहे, कुठे पोहोचतं, कशाने अडतं आणि बंद पडलं तर काय करायचं, हे पाहुण्याला आधीच कळलं तर तो आपणहून सांभाळून वापरतो. नुसतं ‘जपून वापरा’ लिहिलं, तर नेमकं काय जपायचं हे त्याला कळत नाही.

एक नमुना घर डोळ्यांसमोर आणू. समजा, दापोली तालुक्यात समुद्रापासून जरा आत, नारळी-पोफळीच्या वाडीत हे घर आहे. घर जुनं, भिंती जांभ्या दगडाच्या, समोर लांब पडवी. पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आहेत, त्यांतल्या तीन मूळ घरात आणि चौथी मागे, विहिरीच्या पलीकडे नवी बांधलेली. फायबरची जोडणी चाळीस एमबीपीएसची आहे आणि राउटर माजघरात, टीव्हीच्या वर ठेवला आहे. शनिवारी बारा पाहुणे असतात आणि त्यांच्याबरोबर फोन, टॅब, लॅपटॉप धरून वीसेक उपकरणं. अशा घराचा कागद ओळीओळीने लिहून पाहिला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

सुरुवात नावापासून करू. अनेक घरांत राउटर बसवणाऱ्या माणसाने ठेवलेलं नाव तसंच असतं, कंपनीचं नाव आणि पुढे आकडे-अक्षरांची माळ. शेजारच्या दोन निवासांतही तोच प्रकार असेल, तर पाहुण्याच्या यादीत तीन सारखी नावं दिसतात आणि तो भलत्याच घराच्या नेटवर्कवर पासवर्ड टाकत बसतो. नाव घराचं असावं, लहान असावं आणि रोमन लिपीत असावं. देवनागरीत ठेवायचा मोह होतो, पण त्यात एक तांत्रिक अडचण आहे. वायफायच्या नावाला बत्तीस बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षर त्यातला एक बाइट घेतं, तर देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा आणि अनुस्वार प्रत्येकी तीन बाइट घेतात. म्हणजे दहा चिन्हांतच जागा संपते, शिवाय काही जुन्या उपकरणांवर ते नाव वेड्यावाकड्या खुणांसारखं दिसतं. आपल्या नमुना घराचं नाव `Padavi-Guest` ठेवू.

नावाच्या शेवटचं `Guest` शोभेसाठी नाही. आजच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढता येतं. जोडणी एकच राहते, पण पाहुण्यांची बाजू आणि घरच्यांची बाजू वेगळी होते. घरच्यांच्या बाजूला यजमानांचे फोन, हिशेबाचा लॅपटॉप आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा असतो. ही सोय सुरू केली नाही, तर पासवर्ड मिळालेलं प्रत्येक उपकरण ह्या सगळ्यांच्या शेजारी येऊन बसतं. पाहुणा सज्जन असेल, पण त्याच्या लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस सज्जन नसतो.

ह्या सोयीची एक किंमतही आहे आणि ती कागदावर सांगावी लागते. पाहुण्यांच्या नेटवर्कवर एक उपकरण दुसऱ्याला दिसू नये, अशी व्यवस्था साधारणपणे केलेली असते. त्यामुळे फोनवरचा सिनेमा खोलीतल्या टीव्हीवर पाठवायला गेलं, तर फोनला टीव्ही सापडतच नाही. पाहुण्याला वाटतं टीव्ही बिघडला आणि तो मागच्या वायरी ओढून बघतो. ‘फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवता येत नाही, टीव्हीतलं ॲप वापरा’ एवढी ओळ असेल तर वायरी शाबूत राहतात.

आता पासवर्ड. घराचं नाव आणि पुढे १२३, हा सगळीकडे आढळणारा प्रकार. दुसरा तितकाच आढळणारा म्हणजे यजमानांचा मोबाइल नंबर. दोन्ही सांगायला सोपे आहेत आणि दोन्ही कच्चे आहेत. मोबाइल नंबर तर बाहेरच्या पाटीवर रंगवलेलाच असतो. तो पाटीवर नसता, तरी दहा आकडी क्रमांक एकामागून एक आजमावणं आजच्या संगणकाला फार जड जात नाही. पासवर्ड किमान आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट चिन्हांचा असू शकतो, म्हणजे लांबीला भरपूर वाव आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द सगळ्यात सोयीचे, कारण ते लांब होतात तरी वाचून टाकता येतात. सगळी अक्षरं लहान ठेवावीत. मोठ्या-लहान अक्षरांची सरमिसळ केली की कोणीतरी विचारतंच, ‘ह्यातला एस कॅपिटल का?’ इंग्रजी ओ आणि शून्य, तसंच एल, आय आणि एक ह्या जोड्या छापील कागदावर सारख्या दिसतात, म्हणून आकडे टाळलेलेच बरे. शब्दांच्या मध्ये टिंब द्यावं, कारण ते बऱ्याच फोनांच्या पहिल्याच कीबोर्डवर मिळतं. नमुना घराचा पासवर्ड असा असेल: `kokam.surangi.hodi.tisrya`.

तरीही पंचवीस चिन्हं टाइप करणं वयस्कर पाहुण्यांना जिकिरीचं जातं. त्यासाठी शेजारी क्यूआर कोड छापावा. पैसे देण्यासाठी कोड स्कॅन करणं आता भाजीवाल्याकडेही चालतं, त्यामुळे हे कोणाला शिकवावं लागत नाही. अँड्रॉइड दहा किंवा त्यापुढच्या फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ‘शेअर’ केलं की तयार कोड पडद्यावर येतो. त्याचा फोटो काढून छापला की झालं, त्यासाठी अनोळखी संकेतस्थळावर जाऊन आपला पासवर्ड भरायची गरज नाही. कोडच्या आत प्रत्यक्षात एवढाच मजकूर असतो:

```
WIFI:T:WPA;S:Padavi-Guest;P:kokam.surangi.hodi.tisrya;;
```

पासवर्ड त्यात उघडा लिहिलेला असतो, म्हणून कोड दिसणं म्हणजे पासवर्ड दिसणंच. ही गोष्ट विसरून खोलीचे फोटो बुकिंगसाठी टाकले जातात आणि टेबलावरचा कागद त्यात स्पष्ट वाचता येतो. फोटो काढायच्या दिवशी कागद कपाटात गेला पाहिजे. तसाच तो फाटकावर किंवा पडवीच्या बाहेरच्या खांबावर लावू नये. खोलीच्या आत, दिव्याच्या बटणांजवळ, बसल्या जागी फोन धरता येईल अशा उंचीवर तो असावा. समुद्राच्या दमट हवेत साधा कागद एका पावसाळ्यात मऊ पडून वळतो, तेव्हा लॅमिनेशनचे पैसे वाचवू नयेत.

पासवर्डच्या बाबतीत एवढी काळजी कशासाठी, हे समजायला २००८ सालची एक घटना आठवावी. २६ जुलैला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तो ज्या इंटरनेट जोडणीवरून गेला, ती नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरातली निघाली. पोलीस त्याच्या दारात पोहोचले. त्याच्या वायफायला नीट कुलूप नव्हतं आणि दुसऱ्याच कोणीतरी त्याचा वापर केला होता, हे नंतर पुढे आलं. त्याच वर्षी मुंबई परिसरातल्या आणखी जोडण्यांचा असाच गैरवापर झाला आणि २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. बाहेरच्या जगाला खोली क्रमांक दोनमधला फोन आणि माजघरातला फोन वेगळे दिसत नाहीत. दोघांचा पत्ता एकच, यजमानांच्या नावावरचा. म्हणून ‘ही जोडणी आमच्या नावावर आहे, बेकायदा डाउनलोड किंवा तसा कोणताही वापर करू नये’ हे कागदावर सरळ लिहिण्यात संकोच नको. पाहुण्यांच्या नोंदवहीत आल्या-गेल्याच्या तारखा नीट असतील, तर त्यांचाही उपयोग होतो.

नाव आणि पासवर्ड देऊन झाले की खालच्या ओळी सुरू होतात. त्यांतली पहिली ओळ रेंजची.

जांभ्याची भिंत जाड असते, पावसाळ्यात ती पाणी पिते आणि ओल्या भिंतीतून वायफायच्या लहरी आणखी कमी पार जातात. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिली पट्टी हळू पण भिंतींतून बऱ्यापैकी पलीकडे जाणारी, दुसरी वेगवान पण एक-दोन भिंतींतच दमणारी. अनेक राउटरवर ह्या दोन पट्ट्यांना दोन नावं दिलेली असतात आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘5G’ असं लिहिलेलं असतं. पाहुण्याला वाटतं हे मोबाइलचं फाइव्ह जी, म्हणजे जास्त चांगलं. विहिरीपलीकडच्या चौथ्या खोलीत बसून तो तेच निवडतो आणि मग नेट चालत नाही म्हणून कुरकुरतो. राउटरला दोन्ही पट्ट्यांचं नाव एकच ठेवता येत असेल तर तसं करावं. नाहीतर कागदावर खोलीनुसार लिहावं. नमुना घराच्या चौथ्या खोलीतल्या कागदावर ‘ह्या खोलीत रेंज मंद आहे, व्हिडिओ कॉलसाठी पडवीत बसावं, तिथे टेबल आणि प्लग आहे’ असं असेल. प्रत्येक खोलीचा कागद थोडा वेगळा असायला काहीच हरकत नाही. ज्याला सोमवारी सकाळी ऑफिसची मीटिंग आहे, तो ही ओळ वाचून पहिली खोली तरी मागून घेईल.

सगळ्यात महत्त्वाची ओळ वेगाची, कारण तिच्यावरूनच बाकीचे सगळे आर्जव उभे राहतात. चाळीस एमबीपीएस म्हणजे किती? टीव्हीवर चांगल्या प्रतीचा सिनेमा साधारण पाच एमबीपीएस घेतो. व्हिडिओ कॉल तीन-चार घेतो. रील्स बघणं, गाणी ऐकणं, नकाशे, निरोप हे सगळं त्यात मिसळलं, तरी बारा माणसांची संध्याकाळ निभावते. मग साडेआठला सगळं रखडतं ते कशामुळे?

बहुतेक वेळा फोटोंमुळे. दिवसभर हर्णैच्या लिलावाचं, सुवर्णदुर्गाच्या होडीचं, मुलांच्या वाळूतल्या किल्ल्यांचं चित्रीकरण झालेलं असतं. आजचे फोन फोर-के चित्रीकरण करतात आणि त्याचा एक मिनिट १७० ते ४०० एमबी जागा खातो. दहा मिनिटांचं चित्रीकरण म्हणजे बघता बघता चार जीबी. बाहेर असताना फोन ते पाठवत नाही, कारण ‘फक्त वायफायवर बॅकअप’ असं त्याला सांगून ठेवलेलं असतं. खोलीत पाऊल टाकलं, वायफाय मिळालं, की फोन खिशातच कामाला लागतो. मालकाला पत्ताही नसतो.

हा बॅकअप घरातून बाहेरच्या दिशेने जातो आणि मिळेल तेवढा वेग घेतो. चार जीबी म्हणजे बत्तीस हजार मेगाबिट, चाळीस एमबीपीएस सगळे त्यालाच मिळाले तरी तेरा-चौदा मिनिटं लागतात. एका कुटुंबाचे चार फोन असले, तर जवळजवळ तासभर. तेवढ्या वेळात दुसऱ्या खोलीतली मुलगी आजोबांशी व्हिडिओवर बोलू पाहते. तिच्या आवाजाचे तुकडे अगदी छोटे असतात, पण ते राउटरमध्ये त्या चित्रफितींच्या मागे रांगेत उभे राहतात, घाटात ट्रकांच्या रांगेमागे अडकलेल्या रुग्णवाहिकेसारखे. आवाज तुटतो, चित्र गोठतं. नुसतं बघणाऱ्यालाही फटका बसतो. सिनेमाचा तुकडा पोहोचला की तशी पोच उलट दिशेने जावी लागते आणि ती पोच त्याच रांगेत अडकते. पोच उशिरा मिळाली की पलीकडून पुढचे तुकडे येणं मंदावतं.

ही परिस्थिती फायबरची. किनाऱ्यावरच्या बऱ्याच वाड्यांत अजून फायबर नाही, तिथे सिमकार्ड घातलेला राउटर असतो. त्यात बाहेर जाणारा वेग फारच कमी असतो. तो पाच एमबीपीएस धरला, तर एका फोनच्या चार जीबीला पावणेदोन तास लागतात आणि चार फोनांना अख्खी रात्र. शिवाय तिथे रोजच्या डेटाची मर्यादा असते. दिवसाला दोन जीबी मिळत असतील, तर चांगल्या प्रतीचा सिनेमा तासाला तीनेक जीबी घेतो, म्हणजे पाऊण तासाच्या आतच दिवसाचा साठा संपतो. त्यानंतर अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर लिखित निरोप जातात, फोटो जात नाहीत. अशा घराने कागदावर ‘मोफत वायफाय’ असं मोठ्या अक्षरात छापणं ही पाहुण्याची फसवणूक आहे. ‘निरोप, नकाशे आणि कॉलपुरतं नेट आहे, सिनेमे घरून डाउनलोड करून आणावेत’ हे बुकिंगच्या वेळीच सांगावं आणि कागदावरही लिहावं. नेट कमी आहे म्हणून पाहुणे सहसा रुसत नाहीत. आधी सांगितलं नव्हतं, म्हणून रुसतात.

एवढं कळल्यावर कागदावरची विनंती नेमकी होते. ‘इंटरनेट जपून वापरा’ ह्याऐवजी ‘फोटोंचा बॅकअप रात्री अकरानंतर सुरू करावा’ असं लिहिता येतं. तो थांबवायचा कसा, हेही एका ओळीत सांगावं. आयफोनमध्ये त्या वायफायच्या माहितीत ‘लो डेटा मोड’ असतो. अँड्रॉइडमध्ये आणि विंडोजच्या लॅपटॉपमध्ये नेटवर्क ‘मीटर्ड’ ठरवता येतं. ते केलं की फोटोंचे बॅकअप आणि मोठे अपडेट बहुतांशी आपोआप थांबतात. विंडोजचे अपडेट कित्येकदा जीबीत मोजावे लागतात आणि नेमके सुट्टीत उघडलेल्या लॅपटॉपवर ते साठलेले असतात.

नेटबाहेरच्या शिष्टाचाराला एकच ओळ पुरे. कौलारू घरात माळा सलग असतो, भिंती वरपर्यंत गेलेल्या नसतात, त्यामुळे एका खोलीतल्या रील्सचं गाणं चारही खोल्यांत ऐकू जातं. रात्री दहानंतर इअरफोन लावावेत, असं लिहिताना हे कारणही लिहावं. पाहुण्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये हा अनुभव नसतो, त्याला मुद्दाम सांगितल्याशिवाय ते सुचणार नाही.

सूर कसा असावा, ह्याबद्दलही थोडं. मराठीत सूचना लिहिण्याची एक खणखणीत परंपरा पुणेरी पाट्यांनी घालून दिली आहे आणि तिचं कौतुकही होतं. पण घराच्या फाटकावरची पाटी आलेल्याला थोपवण्यासाठी असते. खोलीतला कागद ज्याने पैसे देऊन रात्र मागितली आहे त्याच्यासाठी आहे. त्यावर ‘सक्त मनाई’, ‘दंड आकारला जाईल’ अशा ओळी लागल्या की पाहुण्याला आपल्यावर नजर आहे असं वाटतं आणि उरलेला मजकूर तो वाचत नाही. नमुना घराचा पूर्ण कागद असा होईल:

नमस्कार, घरात आपलं स्वागत.
वायफायचं नाव: `Padavi-Guest`
पासवर्ड: `kokam.surangi.hodi.tisrya` (सगळी अक्षरं लहान, मध्ये टिंब; किंवा शेजारचा कोड स्कॅन करा)
चारही खोल्यांत मिळून एकच जोडणी आहे, चाळीस एमबीपीएसची. सिनेमा, कॉल, ऑफिसचं काम नीट चालतं. फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू झाला की सगळ्यांचे कॉल तुटतात, म्हणून तो रात्री अकरानंतर सुरू करावा.
ह्या खोलीत रेंज मंद असते. कॉलसाठी पडवीतलं टेबल वापरा.
माळा सलग असल्याने आवाज सगळीकडे जातो. रात्री दहानंतर इअरफोन लावावेत.
जोडणी आमच्या नावावर आहे, बेकायदा डाउनलोड करू नये. पासवर्ड बाहेर कोणाला देऊ नये.
वीज गेली तरी वायफाय दोनेक तास चालतं. बंद पडलं तर आम्हाला सांगा, राउटरचा प्लग काढू नये.

शेवटच्या ओळीमागे यजमानांचे बरेच मनस्ताप आहेत. राउटर पाहुण्यांच्या हाताशी असला की त्याचा प्लग काढून तिथे फोन चार्जिंगला लावला जातो. ते तरी परवडलं. त्याहून वाईट म्हणजे नेट मंद झालं म्हणून कोणी उत्साही माणूस टाचणी घेऊन राउटरमागचं बारीक भोक दाबतो. राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि ‘रीसेट’ करणं वेगळं. पहिल्याने तो पुन्हा जागा होतो, सगळं जिथल्या तिथे असतं. दुसऱ्याने त्याची स्मरणशक्तीच पुसली जाते. नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि अनेक जोडण्यांत कंपनीने दिलेलं लॉगिनही जातं. मग केबलवाल्याला बोलावल्याशिवाय गत्यंतर नसतं आणि शनिवारी रात्री तो तालुक्याच्या गावाहून येणार नसतो. राउटर उंचावर, माणसाचा हात सहज पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. त्यामुळे त्याच्या खालच्या बाजूला चिकटवलेला मूळ पासवर्डचा स्टिकरही नजरेआड राहतो.

बिघाड कुठे आहे हे ओळखायची सोपी खूण पाहुण्यांपेक्षा यजमानांना हवी. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या आहेत आणि तरी काही उघडत नाही, अशी तक्रार नेहमी येते. त्या रेघा फोन आणि राउटर ह्यांच्यातलं नातं दाखवतात, राउटरच्या पुढे इंटरनेट आहे की नाही ह्याच्याशी त्यांचा संबंध नसतो. ते पाहायला फायबरच्या डब्यावरचे दिवे बघावेत. `PON` लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल, तर तार ठीक आहे. `LOS` लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेर कुठेतरी तार तुटली आहे किंवा वाकली आहे आणि घरात कितीही वेळा चालू-बंद केलं तरी फरक पडणार नाही. नारळाची झावळी पडून तार तुटणं ह्या भागात नित्याचं आहे. दोन्ही दिवे ठीक असतील आणि तरी नेट नसेल, तर प्लग काढून अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावावा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

विजेचं तर वेगळं सांगायला नको. राउटर आणि फायबरचा डबा मिळून फार थोडी वीज घेतात. बहुतेक १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास सहज काढतो. पण ती सोय रोजच्या भारनियमनापुरती आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. त्या परिस्थितीत मोबाइलचे मनोरेही मुके होतात. पावसाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी कागदाच्या मागच्या बाजूला चार नंबर हाताने लिहून ठेवावेत: यजमानांचा, जवळच्या दवाखान्याचा, पोलीस ठाण्याचा आणि वीज कार्यालयाचा. आणि हेही लिहावं, की अमुक टेकडीवर किंवा एसटी थांब्याजवळ अमुक कंपनीची रेंज मिळते. हे स्थानिक ज्ञान नकाशावर सापडत नाही.

पाहुणे निघताना दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे टीव्हीवरची त्यांची खाती. सिनेमांच्या ॲपमध्ये लॉगिन करून लोक तसेच निघून जातात आणि पुढच्या कुटुंबाला त्यांची पाहण्याची यादी दिसते, कधी विकत घेण्याची सोयही उघडी राहते. ‘निघण्यापूर्वी टीव्हीतून साइन आउट करा’ ही ओळ टीव्हीच्या रिमोटलाच चिकटवलेली बरी. यजमानांनीही खोली झाडताना एकदा तपासावं. दुसरी गोष्ट पासवर्डची. तो पाहुण्यांच्या फोनमध्ये कायमचा राहतो, क्यूआर कोडचा फोटो गटावर फिरतो. दर पाहुण्यामागे पासवर्ड बदलणं चार खोल्यांच्या घराला झेपणारं नाही. टीव्ही पुन्हा जोडावे लागतात, कागद पुन्हा छापावे लागतात. महिन्यातून एकदा, किंवा निदान दिवाळीचा, नाताळचा आणि मे महिन्याचा हंगाम सुरू होण्याआधी तो बदलावा. कागदाच्या कोपऱ्यात बदलाची तारीख लिहावी, म्हणजे एखाद्या खोलीत जुना कागद राहिला तर लगेच ओळखू येतो.

नवा कागद छापून आला की यजमानांनी तो एकदा पाहुण्यासारखा वापरून बघावा. आपल्या फोनमधून ते नेटवर्क ‘विसरा’ करायचं, प्रत्येक खोलीत जाऊन पलंगावर बसायचं आणि फक्त कागद वाचून जोडून बघायचं, आधी कोडने आणि मग हाताने टाइप करून. चौथ्या खोलीत हे दार लावून करायचं, कारण पाहुणे दार लावूनच बसतात. जोडल्यावर एक व्हिडिओ कॉल लावायचा. तो तिथे तुटत असेल, तर ‘रेंज मंद असते’ ह्याऐवजी ‘ह्या खोलीत कॉल लागत नाही’ असं छापायचं. आणि तो खर्च परवडत असेल, तर विहिरीपलीकडे तार ओढून तिथे दुसरा छोटा राउटर बसवायचा.